पोटॅशियम ५.७ आलं म्हणून फिनेरेनोन कायमची सोडायची का?

प्रश्न: आमचे बाबा ६२ वर्षांचे, मोहोळला असतात, पंधरा-सोळा वर्षांपासून शुगर आहे. क्रिएटिनिन १.७, किडनीची गाळण्याची ताकद सांगणारा ईजीएफआर ४५, लघवीतलं अल्ब्युमिन ७८०. ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन ४० आणि शुगरची डापाग्लिफ्लोझिन १० चालू होत्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी किडनी जपायला फिनेरेनोन १० ही गोळी वाढवून दिली. एवढ्या गोळ्या नकोत म्हणून आईने डापाग्लिफ्लोझिन बंद केली. महिन्याने तपासलं तर पोटॅशियम ५.७ आणि क्रिएटिनिन १.९. गावातल्या डॉक्टरांनी फिनेरेनोन बंद केली आणि परत कधीच घ्यायची नाही असं सांगितलं. खरंच कायमची सोडायची का?

उत्तर:

कायमची नाही. आत्ता बंद केली हे मात्र अगदी बरोबर झालं, त्याबद्दल गावातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं की फिनेरेनोन थांबवायची, हा नियम या औषधाच्या मोठ्या चाचण्यांमध्येच ठरलेला होता. त्याच नियमाचा पुढचा अर्धा भाग सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. तो असा की पोटॅशियम ५.० किंवा त्याखाली आलं की १० मिलिग्रॅमने पुन्हा सुरू करायची.

फिडेलिओ नावाची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात टाइप २ मधुमेह आणि किडनीचा आजार असलेले ५,६७४ रुग्ण होते आणि सगळे टेल्मिसार्टनच्या जातीच्या एखाद्या गोळीवर होते. फिनेरेनोन घेणाऱ्यांपैकी साधारण १८ टक्के लोकांमध्ये पोटॅशियम वाढल्याची नोंद झाली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये ९ टक्के. म्हणजे हा त्रास खरा आहे आणि तो दुप्पट होतो. पण त्यापायी औषध कायमचं सोडावं लागलं अशांचं प्रमाण फक्त २.३ टक्के होतं. या दोन आकड्यांच्या मधे जे बरेच लोक आहेत त्यांना औषध कायमचं सोडावं लागलं नाही. तुमचे बाबा त्यांच्यातले असण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्यांच्याबाबतीत कारण तुम्हीच प्रश्नात लिहून दिलेलं आहे. त्यावर मी पुढे येतो.

आधी तो ५.७ खरा आहे का ते पाहू. रक्तातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेर अगदी थोडं. त्यामुळे रक्त काढताना किंवा नेताना थोड्या जरी लाल पेशी फुटल्या तरी आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमधला आकडा फुगतो, शरीरात काहीही झालेलं नसताना. आमच्या जिल्ह्यात हे नेहमी घडतं, कारण रक्त मोहोळला, बार्शीला किंवा मंगळवेढ्याला काढलं जातं आणि मशीन सोलापुरात असतं. सकाळी नऊला घेतलेलं रक्त सीरम वेगळं न करता तसंच ठेवलं आणि संध्याकाळी गाडीने पाठवलं, तर आकड्यावर विसंबता येत नाही. उन्हाळा म्हणून ट्यूब फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी वाईट, कारण थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत राहतं. हातावर पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, शीर सापडावी म्हणून मूठ दहा वेळा उघड-मीट करायला लावली, तरीही आकडा वाढतो. क्वचित जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं जातं. त्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचंच क्षार असतं, मग पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली दिसतं.

म्हणून बाबांना एकदा सोलापूरला आणा आणि जिथे मशीन आहे तिथेच रक्त द्या. दोन-तीन दिवसांच्या आत. पट्टा सैल, मूठ शांत, आणि रक्त गोठल्यावर लगेच सीरम वेगळं करायला सांगा. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर तो आकडा धरायचाच नाही. त्याच वेळी क्रिएटिनिन, बायकार्बोनेट आणि शुगर करून घ्या, आणि एक ईसीजी काढा. ५.७ ला बहुतेकांचा ईसीजी साधाच निघतो, तरी काढायचा, कारण नॉर्मल ईसीजी हातात असला की पुढचे आठ दिवस घाई न करता काम करता येतं. आकडा ६.० च्या वर निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ६.५ च्या वर, किंवा ईसीजीत बदल, किंवा पाय लुळे पडल्यासारखे वाटणं, छातीत धडधड, चक्कर असेल तर थेट दवाखान्यात भरती. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन हृदयाला सांभाळतं, आणि इन्सुलिन-ग्लुकोज व नेब्युलायझर यांनी पोटॅशियम तासाभरात खाली आणता येतं.

समजा पुन्हा तपासल्यावर ५.५ च्या आसपास आलं, म्हणजे वाढ खरी आहे. आता कारण.

शरीरात अल्डोस्टेरॉन नावाचं एक हार्मोन असतं. ते किडनीच्या नळ्यांच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम आत ओढतं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडतं. हे हार्मोन ज्याला चिकटून काम करतं तो रिसेप्टर मधुमेहाच्या किडनीत गरजेपेक्षा जास्त चेतवला जातो आणि मग तो मिठाचा हिशेब सोडून सूज आणि व्रण तयार करायला लागतो. हृदयातही हेच होतं. फिनेरेनोन तो रिसेप्टर अडवते, म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन घटतं आणि किडनी हळू झिजते. पण तोच रिसेप्टर पोटॅशियम बाहेर काढत असतो. म्हणजे पोटॅशियम थोडं वाढणं हे औषध काम करत असल्याचाच परिणाम आहे, तो पूर्ण टाळता येत नाही. जुनी स्पायरोनोलॅक्टोनसुद्धा हाच रिसेप्टर अडवते, पण तिचे अवशेष शरीरात बराच काळ टिकतात, पोटॅशियम जास्त चढतं आणि पुरुषांच्या छातीत गाठ येऊन दुखतं. फिनेरेनोनचा अर्धायुकाल दोन-तीन तासांचा आहे, त्यामुळे गोळी थांबवली की तिचा असर लवकर ओसरतो. २०१३ च्या आर्ट्स चाचणीत हृदयविकार आणि किडनी दोन्ही असलेल्या रुग्णांमध्ये या दोन गोळ्या समोरासमोर ठेवल्या होत्या, तेव्हाही फिनेरेनोनने पोटॅशियम कमी चढवलं. या दोन्ही गोळ्या एकत्र मात्र कधीही घ्यायच्या नाहीत. पायाच्या सुजेसाठी कुणी स्पायरोनोलॅक्टोन असलेली जोडगोळी लिहून दिलेली नाही ना, ते बाबांच्या पाकिटांवर वाचून पाहा.

आता तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य: आईने डापाग्लिफ्लोझिन बंद केली. गोळ्या वाढल्या की घरच्या बाईला काळजी वाटणं मला पूर्ण समजतं, आणि कोणती गोळी कशाची आहे हे कुणी नीट सांगितलं नसेल तर ती आणखी काय करणार? पण नेमकी चुकीची गोळी बंद झाली. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन शुगरसोबत थोडं सोडियम आणि पाणीही नळ्यांमधून पुढे ढकलतात. शेवटच्या टप्प्यात सोडियम आणि पाणी जास्त पोचलं की तिथून पोटॅशियम बाहेर टाकणं सोपं जातं. २०२२ मध्ये अशा सहा मोठ्या चाचण्यांमधल्या जवळजवळ ५० हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. या गोळ्यांवर असलेल्यांमध्ये पोटॅशियम ६.० वर जाण्याचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे बाबांना एकाच महिन्यात पोटॅशियम चढवणारी गोळी लागली आणि ते उतरवणारी गोळी सुटली. पोटॅशियम ५.७ ला जायला हे कारण पुरेसं ठरू शकतं, त्यात खाण्यातलं काही मिसळलं असेल तर विचारायलाच नको.

दोन्ही एकत्र घेणं सुरक्षित आहे का, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. २०२५ मध्ये कॉन्फिडन्स नावाची चाचणी आली. तिच्यात फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन एकाच दिवशी सुरू केल्या आणि एकेक गोळी घेणाऱ्यांशी तुलना केली. सहा महिन्यांत दोन्ही घेणाऱ्यांचं लघवीतलं अल्ब्युमिन सुरुवातीपेक्षा निम्म्याहून जास्त, ५२ टक्के घटलं. एकट्या गोळीच्या तुलनेत जोडीचा फायदा साधारण ३० टक्के जास्त निघाला. पोटॅशियमची तक्रार एकट्या फिनेरेनोनपेक्षा जोडीत किंचित कमीच होती. ईजीएफआरची सुरुवातीची घसरण मात्र जोडीत जास्त जणांमध्ये दिसली, ते ध्यानात ठेवावं लागतं. ही चाचणी अल्ब्युमिन मोजणारी होती, डायलिसिस किती जणांचं टळलं हे तिने मोजलेलं नाही. तरी माझ्या मते आता या जोडीबद्दल शंका घेण्याचं कारण उरलेलं नाही. ज्याचं पोटॅशियम आधीच ४.६ च्या वर आहे अशाला मी आधी डापाग्लिफ्लोझिन देतो, महिनाभराने फिनेरेनोन. ज्याचं ४.२ आहे आणि अल्ब्युमिन हजाराच्या घरात, त्याला दोन्ही सोबत.

दुसरं, घरातलं मीठ पाहा. ब्लडप्रेशर आहे म्हणून बऱ्याच घरांत ‘लो सोडियम’ मीठ येतं. त्यात सोडियम कमी करायला पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. दिवसभरात पाच ग्रॅम मीठ जात असेल आणि त्याचा चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असेल, तर त्यातूनच सुमारे ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं. साधारण तेवढंच एका मोठ्या पेला शहाळ्याच्या पाण्यात असतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात आमच्याकडे पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतो. ही दोन्ही बंद करायची. साधं मीठ, पण कमी. शेंगाचटणीला लोक उगाच घाबरतात. भाकरीबरोबर चमचाभर चटणीत शंभरेक मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम नसतं, ती चालेल. ज्वारीची भाकरी, डाळ चालू ठेवा. डाळिंब वाटीभर ऐवजी चार दाणे, केळं नको. पालेभाजी आणि बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून टाकलं की बराचसा भाग निघून जातो.

एकादशीचं स्वतंत्र सांगतो, कारण मोहोळ-पंढरपूरच्या पट्ट्यात हे घरोघरी आहे. उपवासाच्या ताटात बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, केळं, वर खजूर, म्हणजे पोटॅशियमचे जवळजवळ सगळे मोठे पदार्थ एका दिवसात. द्वादशीला सकाळी रक्त दिलं तर आकडा नेहमीपेक्षा वर येऊ शकतो. भगर आणि ताक यांवर एकादशी होते, तसं करायला सांगा, आणि तपासणी एकादशीच्या आसपास ठेवू नका. आणि कडक, बिनपाण्याचा उपवास असेल त्या दिवशी डापाग्लिफ्लोझिन घ्यायची नाही.

तिसरं कारण औषधांच्या पिशवीत सापडतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकची गोळी, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलेली ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक, दोन्ही पोटॅशियम चढवतात आणि पहिली तर किडनीही दुखावते. याहून फसवं एक आहे, ते एका पेशंटवरून सांगतो. ५७ वर्षांच्या एक शिक्षिका, ईजीएफआर ५२, फिनेरेनोन २० वर होत्या आणि पोटॅशियम कायम ४.६ ते ४.८ मध्ये असायचं. मे महिन्यात त्या चक्कर येते म्हणून आल्या. ब्लडप्रेशर १०४ वर ६०, पोटॅशियम ५.९. लगेच दुसरं रक्त घेतलं, ५.८. म्हणजे खरंच वाढलेलं. ईसीजी ठीक. मीठ, शहाळं, दुखण्याच्या गोळ्या, काहीच नाही. मग घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली, तर तळाशी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल निघाल्या. कमरेला गजकर्ण झालं होतं, दहा दिवसांपासून चालू होत्या. ते त्यांच्या दृष्टीने कातडीचं औषध, किडनीच्या डॉक्टरला काय सांगायचं?

फिनेरेनोन यकृतात आणि आतड्यात सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमने मोडते. इट्राकोनॅझोल ते एन्झाइमच बंद पाडते, मग २० मिलिग्रॅमची गोळी रक्तात कित्येक पटींनी मोठ्या डोससारखी वागते. आमच्या हवेत, घामाच्या दिवसांत शुगर असलेल्या माणसाला गजकर्ण होणं आणि त्यावर ही कॅप्सूल मिळणं अगदी रोजचं आहे, म्हणून हे मी प्रत्येकाच्या फाइलवर लाल पेनाने लिहितो. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, एरिथ्रोमायसिन यांच्यासोबत चालते, पण पोटॅशियम लवकर तपासावं लागतं. उलट टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं फिनेरेनोन इतकी झपाट्याने मोडून टाकतात की ती घेऊन उपयोग नसतो. त्या बाईंची फिनेरेनोन थांबवली, त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून कॅप्सूलऐवजी लावायचं मलम दिलं. इट्राकोनॅझोल शरीरातून जायला वेळ लागतो म्हणून दोन आठवडे थांबलो, पोटॅशियम ४.७ आलं, मग १० पासून पुन्हा सुरू. आता त्या २० वर आहेत.

रिपोर्टमधल्या आणखी तीन गोष्टींकडे डॉक्टर बघतीलच: बायकार्बोनेट २२ च्या खाली असेल तर सोडाबायकार्बच्या गोळ्यांनी पोटॅशियमही उतरतं, शुगर ३०० च्या घरात असेल तर इन्सुलिनच्या कमतरतेने ते पेशींबाहेर येतं, आणि बद्धकोष्ठ असेल तर तो मोडायलाच हवा, कारण किडनी मंदावल्यावर मोठं आतडं बरंच पोटॅशियम बाहेर टाकत असतं.

आता बाबांसाठी प्रत्यक्ष कसं करता येईल. दुसऱ्या तपासणीत समजा ५.४ आलं. फिनेरेनोन बंदच ठेवायची, टेल्मिसार्टन ४० चालू ठेवायची. पोटॅशियम दिसलं की आधी टेल्मिसार्टन काढण्याची सवय मला आवडत नाही, कारण किडनी वाचवण्याचा पाया तीच आहे. डापाग्लिफ्लोझिन १० परत सुरू. त्याआधी एवढंच बघायचं की उलट्या-जुलाब चालू नाहीत, पायाला चिघळलेली जखम नाही आणि लघवीच्या जागी बुरशी नाही. मीठ बदला, शहाळं बंद करा. आठ-दहा दिवसांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. डापाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जाईल, ते अपेक्षित आहे. बाबांच्या बाबतीत दोन्ही गोळ्या एकाच आठवड्यात सुरू करू नका असं मी म्हणतो ते यासाठीच. सुरक्षिततेचा प्रश्न तिथे नाही, पण आकडा हलला तर कोणत्या गोळीने हलला हे कळायला हवं.

५.० किंवा खाली आलं की फिनेरेनोन १०. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर सुरुवात १० नेच असते, ६० किंवा वर असेल तर २० ने. नियमाप्रमाणे पुढची तपासणी चार आठवड्यांनी. बाबांसारख्या माणसात मी त्याआधी एक, साधारण दहाव्या दिवशी करतो. चार आठवड्यांनी पोटॅशियम ४.८ किंवा कमी असेल आणि ईजीएफआर ३० टक्क्यांहून जास्त पडलेला नसेल तर २० करायची. ४.९ ते ५.५ मध्ये असेल तर १० वरच राहायचं, आणि हे लक्षात घ्या की या पट्ट्यात गोळी थांबवायची नसते. ५.२ आलं की घाबरून बंद करणारे पुष्कळ भेटतात. ५.५ च्या वर गेलं तरच पुन्हा थांबवायची. नंतर सगळं स्थिर राहिलं तर दर चार महिन्यांनी तपासणी पुरते, डोस बदलला की मात्र परत चार आठवड्यांनी.

क्रिएटिनिन १.७ चं १.९ झालं याचीही भीती बाबांना वाटत असेल. हिशेब केला तर ईजीएफआर ४५ वरून ३९ वर आला आहे, म्हणजे १३ टक्के. किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब उतरला की सुरुवातीला एवढं होतंच. ३० टक्क्यांच्या वर गेलं असतं तर पाणी कमी पडलंय का, दुखण्याची गोळी घेतलीय का, किडनीच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे का, हे शोधलं असतं. औषधाचा खरा उपयोग पाहायचा असेल तर तीन-चार महिन्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन परत करा. फिडेलिओमध्ये चार महिन्यांत ते खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त घटलं होतं. ७८० चं ५०० च्या आसपास आलं तर त्यासाठीच ही सगळी धडपड आहे. फिडेलिओत किडनी निकामी होणं, ईजीएफआर ४० टक्क्यांनी घसरणं किंवा किडनीमुळे मृत्यू हे सगळं मिळून २१.१ टक्क्यांवरून १७.८ टक्क्यांवर आलं. हा फायदा जादूसारखा नाही, पण तो टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळीच्या वर मिळालेला आहे, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या त्या चाचणीत अगदी मोजक्या लोकांना चालू होत्या.

चौथी जात राहिली, शुगर आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडची. २०२४ च्या फ्लो चाचणीत आठवड्याच्या इंजेक्शनने किडनीच्या मोठ्या घटना आणि किडनी किंवा हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले. तिचा पोटॅशियमवर भार नाही. वजन जास्त असेल तर विचार करण्यासारखी, पण बाबांच्या बाबतीत ती नंतरची गोष्ट. आधी या तीन गोळ्या जागेवर बसू द्या.

सगळं करून, डापाग्लिफ्लोझिन चालू असताना, मीठ-शहाळं बंद असताना, १० मिलिग्रॅमवरही दोनदा ५.५ च्या वर गेलं तर मग पोटॅशियम बांधणारी पावडर देऊन बघायची की गोळी सोडायची, हे तुमच्या किडनीतज्ज्ञांनी ठरवायचं. मी स्वतः पावडरवर कायम राहायला लावण्यापेक्षा अशा माणसाची फिनेरेनोन सोडतो आणि बाकीच्या दोन गोळ्या पूर्ण डोसला नेतो. ईजीएफआर २५ च्या खाली असेल तर ती सुरूच करत नाही. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या रुग्णाला वेगळा हिशेब लागतो, तिथे स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोनचं स्थान पक्कं आहे. आणि महिन्याने रक्त तपासायला येणं जमणारच नाही असं ज्याने सांगितलं, त्याला मी ही गोळी लिहून देत नाही, मग त्याचं अल्ब्युमिन कितीही असो.

आजारपणाचे दिवस आईला नीट समजावून सांगा, कारण गोळ्या तीच देते. उलट्या, जुलाब, ताप येऊन जेवण-पाणी सुटणं, किंवा उन्हात दिवसभर शेतावर राहून लघवी कमी होणं: अशा दिवशी फिनेरेनोन, टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर तीही, सगळ्या थांबवायच्या आणि डॉक्टरांना फोन करायचा. नीट खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की परत चालू. जुलाबात शहाळं पाजायचं नाही, त्याऐवजी ताक-मीठ किंवा पेज. ओआरएसच्या पुड्यातही पोटॅशियम असतं, त्यामुळे ते किती द्यायचं हे त्याच फोनवर विचारा. या दिवसांव्यतिरिक्त कोणतीही गोळी घरी बंद करायची झाली तर आधी विचारायचं, आणि नवीन कोणतंही औषध, कातडीचं असो की दाताचं, घ्यायच्या आधी पाकिटाचा फोटो काढून किडनीच्या डॉक्टरांना पाठवायचा.